मिथाईल ऑरेंजने व्हिनेगर टायट्रेट करू नका: कर्व्ह, बफरचा पट्टा आणि इंडिकेटर निवडायची पद्धत

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या बॅचला व्हिनेगरमधलं अॅसिटिक अॅसिड काढायचं प्रॅक्टिकल होतं. फिनॉल्फथॅलिनची बाटली शेजारच्या टेबलवाल्यांनी पळवलेली, आमच्या रॅकवर मिथाईल ऑरेंज होतं, आणि आम्ही म्हटलं इंडिकेटर तो इंडिकेटर, रंग बदलला की झालं. पहिलं रीडिंग ४.२, दुसरं ६.१, तिसरं ५.१. सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, काही येईना. पार्टनर म्हणतोय अजून केशरी आहे, मी म्हणतोय पिवळं झालं कधीच. शेवटी मधलं ५.१ धरून हिशोब केला तर व्हिनेगर १.२ टक्के निघालं, बाटलीवर ५ टक्के छापलेलं. आम्ही काय केलं, तर दुकानदाराने पाणी घातलं असणार असं ठरवून टाकलं.

दुकानदार बिचारा निर्दोष होता. आम्ही चुकीचा इंडिकेटर घेतलेला आणि तो का चुकीचा हे कळायला मला पुढे बराच वेळ लागला, कारण "वीक अॅसिड स्ट्राँग बेस म्हणजे फिनॉल्फथॅलिन" एवढं पाठ होतं पण त्यामागचा कर्व्ह कधी स्वतः काढला नव्हता. आता क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये रोज ब्युरेट हातात असते म्हणून नव्याने शिकणाऱ्यांसाठी हे एकाच उदाहरणावर सगळं लिहितोय. उदाहरण तेच, अॅसिटिक अॅसिड आणि एनएओएच.

१. आधी सामान जमवा

- ५० एमएलची ब्युरेट, १० आणि २५ एमएलचं पिपेट, १०० एमएलचा व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क
- पीएच मीटर, मॅग्नेटिक स्टरर, २५० एमएलचं बीकर
- ४.०, ७.० आणि ९.२ च्या बफर टॅब्लेट्स
- साधारण ०.१ मोलरचं एनएओएच आणि ते तपासायला केएचपी, म्हणजे पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट
- उकळून गार केलेलं डिस्टिल्ड वॉटर (का ते खाली येईल)
- फिनॉल्फथॅलिन, कोनिकल फ्लास्क, पांढरी टाईल
- ग्राफ पेपर आणि पेन्सिल

पीएच मीटर नसेल तरी पायरी ४ पर्यंतचं सगळं नुसत्या कागदावर होतं, आणि खरं सांगायचं तर इंडिकेटर तिथेच ठरतो.

२. ब्युरेट भरायच्या आधी कागदावर कर्व्ह काढा

समजा बीकरमध्ये ०.१ मोलर अॅसिटिक अॅसिड २५ एमएल आहे आणि ब्युरेटमधून ०.१ मोलर एनएओएच पडतंय. दोन्ही सारख्याच स्ट्रेंग्थचे म्हणून २५ एमएलला सगळं अॅसिड संपणार, हा आपला इक्विव्हॅलन्स पॉइंट. अॅसिटिक अॅसिडचा पीकेए ४.७६. बस, एवढ्यावर अख्खा कर्व्ह निघतो. मधल्या भागासाठी एकच सूत्र लागतं:

```
pH = pKa + log( [A-] / [HA] )
```

यात मोठी मोठी कॉन्सन्ट्रेशनं काढत बसायची गरज नाही. जेवढं एनएओएच घातलं तेवढं अॅसिटेट झालं, उरलं तेवढं अॅसिड, आणि दोघं एकाच बीकरमध्ये असल्यामुळे व्हॉल्युम कटतो. म्हणजे ५ एमएल घातलं तर वर ५ खाली २०, रेशो पाव, त्याचा लॉग उणे ०.६०, म्हणून पीएच ४.१६. असे पॉइंट काढत गेलं की हे मिळतं:

| घातलेलं एनएओएच (एमएल) | पीएच |
|---|---|
| ० | २.८८ |
| ५ | ४.१६ |
| १२.५ | ४.७६ |
| २० | ५.३६ |
| २४ | ६.१४ |
| २४.९ | ७.१६ |
| २५.० | ८.७३ |
| २५.१ | १०.३० |
| २६ | ११.२९ |

दोन जागी वरचं सूत्र चालत नाही हे लक्षात ठेवा. शून्य एमएलला अॅसिटेटच नाही, तिथे नुसत्या वीक अॅसिडचा पीएच काढायचा. आणि बरोबर २५ ला अॅसिड उरलेलंच नसतं, फक्त ०.०५ मोलर सोडियम अॅसिटेट असतं (व्हॉल्युम दुप्पट झाला म्हणून ०.१ चं ०.०५, हे निम्मं करायला निम्मे लोक विसरतात). अॅसिटेट पाण्याकडून थोडे प्रोटॉन ओढून घेतं, त्यामुळे सोल्युशन बेसिक होतं आणि पीएच ८.७३ येतो. "न्यूट्रलायझेशन झालं म्हणजे पीएच ७" हे डोक्यातून काढून टाका, ते फक्त स्ट्राँग अॅसिड आणि स्ट्राँग बेसच्या जोडीत खरं. २५ च्या पुढे तर काही विचारच नाही, जास्तीचं एनएओएच किती आणि एकूण व्हॉल्युम किती, झालं.

हे पॉइंट ग्राफवर टाका, हाताने टाका. एक्सेलवर नंतर करा.

३. बफरचा पट्टा ओळखा, तो तुम्हाला फसवणार आहे

ग्राफ बघितला की सुरुवातीला थोडा चढ दिसेल, मग एक लांबलचक जवळजवळ सपाट रस्ता, आणि मग एकदम भिंत. तो सपाट रस्ता म्हणजे बफर रीजन. ढोबळ मानाने पीकेएच्या एक खाली ते एक वर, आपल्या उदाहरणात ३.७६ ते ५.७६, म्हणजे साधारण २.३ एमएल पासून २२.७ एमएल पर्यंत. अख्ख्या टायट्रेशनचा वीसेक एमएलचा भाग या पट्ट्यातच जातो.

सपाट म्हणजे किती सपाट? १० एमएलवर पीएच ४.५८ असतो आणि १५ वर ४.९४. पाच एमएल एनएओएच ओतलं आणि पीएच एक तृतीयांश युनिटने हलला फक्त. हेच पाच एमएल ३५ एमएल साध्या पाण्यात घातलं असतं तर पीएच १२ च्या वर गेला असता. कारण असं की बीकरमध्ये अॅसिटिक अॅसिड आणि अॅसिटेट दोघंही भरपूर आहेत, आलेला हायड्रॉक्साइड अॅसिड गिळतं आणि त्याचं अॅसिटेट होतं, रेशो थोडा बदलतो, आणि रेशोचा लॉग तर त्याहून थोडा.

आता आमची फजिती इथेच आहे बघा. मिथाईल ऑरेंज लालवरून पिवळं होतं ते पीएच ३.१ ते ४.४ मध्ये. ग्राफवर ३.१ आणि ४.४ ला आडव्या रेषा मारा आणि कर्व्हला कुठे लागतात ते बघा. पहिली लागते साधारण ०.३ एमएलला, दुसरी ७.६ एमएलला! म्हणजे रंग सात एमएलभर हळूहळू बदलत राहतो, लाल, शेंदरी, केशरी, पिवळसर केशरी, आणि त्यातल्या कुठल्या छटेला नळ बंद करायचा हे ज्याच्या त्याच्या डोळ्यावर. आमचं व्हिनेगरचं सोल्युशन थोडं पातळ होतं म्हणून आकडे जरा वेगळे, पण ४.२, ६.१ आणि ५.१ का आले ते कळलं असेल. सीबीआर येत नाही आणि रंग सावकाश सरकतोय, ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली की समजायचं तुमचा इंडिकेटर बफरच्या पट्ट्यात सापडलाय. हात थरथरतोय म्हणून असं होत नाही.

४. भिंत मोजा आणि इंडिकेटर बसवा

आता उभा भाग. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ एमएल. इक्विव्हॅलन्सच्या एक थेंब आधी, २४.९५ ला पीएच ७.४६, आणि एक थेंब नंतर, २५.०५ ला १०.०. दोन थेंबांत अडीच युनिट. ही आपली भिंत, आणि इंडिकेटरचा रंग बदलायचा पूर्ण पट्टा या भिंतीवर बसला पाहिजे. नेहमीच्या बाटल्या घेऊन बसवून बघू.

मिथाईल ऑरेंज झालं. मिथाईल रेड ४.४ ते ६.२, पूर्ण पिवळं होतं २४.१ एमएलला, म्हणजे रंग संपला तरी साडेतीन टक्के अॅसिड शिल्लकच, आणि सुरुवात तर साडेसातलाच झालेली. ब्रोमोथायमॉल ब्लू ६.० ते ७.६, हा जरा चावट आहे, कारण पूर्ण निळा होईपर्यंत थांबलात तर २४.९६ ला पोचता म्हणजे उत्तर जवळपास बरोबर येतं, पण हिरवट रंग २३.६ पासूनच दिसायला लागतो आणि नवीन माणूस पहिल्या हिरव्याला थांबतो. फिनॉल्फथॅलिन ८.२ ते १०.०. याच्या रेषा कर्व्हला लागतात २४.९९ आणि २५.०५ ला. अख्खा बदल एका थेंबात! थायमॉल ब्लूचा वरचा पट्टा, ८.० ते ९.६, पिवळा ते निळा, हाही तितकाच छान बसतो, फक्त कॉलेजच्या रॅकवर क्वचित दिसतो.

मग प्रश्न येतो की फर्स्ट इयरला एचसीएल आणि एनएओएच केलं तेव्हा दोन्ही इंडिकेटर कसे चालले? कारण एचसीएलला बफरचा पट्टा नाही, २४.९ ला पीएच ३.७० आणि २५.१ ला १०.३०, भिंत एवढी उंच की तिच्यावर मिथाईल ऑरेंजचाही बराचसा पट्टा बसतो आणि फिनॉल्फथॅलिनचाही. तिथे काहीही चालतं म्हणून सवय लागते आणि वीक अॅसिड आलं की दणका बसतो. वीक अॅसिडमध्ये भिंतीचा खालचा अर्धा भाग बफर खाऊन टाकतो, आणि पीकेए जितका वर तितकी भिंत बुटकी. बोरिक अॅसिडचा पीकेए ९.२४ आहे, तिथे भिंत जवळजवळ उरतच नाही, कुठलाही इंडिकेटर घ्या, नीट एंड पॉइंट मिळत नाही. म्हणून तिथे मॅनिटॉल घालून अॅसिड आधी स्ट्राँग करून घेतात आणि मग फिनॉल्फथॅलिनने करतात.

५. एनएओएचवर विश्वास ठेवू नका

थोडक्यात सांगतो. एनएओएचचे पेलेट्स हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतात, त्यामुळे ४ ग्रॅम तोलून लिटरभर केलं म्हणजे ०.१ मोलर झालं असं होत नाही. केएचपी ११० डिग्रीला ओव्हनमध्ये वाळवून, डेसिकेटरमध्ये गार करून, ०.५१०६ ग्रॅम तोला (हे २.५ मिलिमोल होतं), पाण्यात विरघळवा आणि फिनॉल्फथॅलिन घालून टायट्रेट करा. एनएओएच बरोबर ०.१ असतं तर २५.० एमएल लागले असते. माझ्याकडे २५.५ लागले, म्हणजे खरी स्ट्रेंग्थ ०.०९८०. हाच आकडा पुढे वापरायचा, बाटलीवरचा नाही.

६. पीएच मीटरवर खरा कर्व्ह

मीटर आधी ७.० च्या बफरने, मग ४.० आणि ९.२ ने कॅलिब्रेट करा. आपल्याला ८.७३ च्या आसपासचं बघायचंय, त्यामुळे फक्त ७ आणि ४ वर कॅलिब्रेट करून सुटू नका. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवलेला सापडला तर समजायचं कोणीतरी त्याची वाट लावतंय, तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवायचा असतो. आणि स्टररचा फिरणारा चुंबक काचेच्या बल्बवर आपटणार नाही एवढ्या उंचीवर इलेक्ट्रोड लावा, मी एक इलेक्ट्रोड असाच घालवलाय आणि त्याची किंमत ऐकून पुढचे दोन दिवस सरांच्या समोर गेलो नव्हतो.

सुरुवातीला १ किंवा २ एमएलने घाला, बफरच्या पट्ट्यात काही विशेष घडत नाही. प्रत्येक वेळी रीडिंग स्थिर होईपर्यंत थांबा. पीएच ६ च्या वर गेला की ०.१ एमएलवर या. बरेच जण घाईत इथेच एक एमएल ओततात आणि मग ग्राफवर ६.१ वरून सरळ ११.३ ला रेघ, मधे एकही पॉइंट नाही, भिंत नक्की कुठे आहे ते कोण सांगणार?

एंड पॉइंट डोळ्याने न ठरवता उतार काढा, म्हणजे पीएचमधला फरक भागिले व्हॉल्युममधला फरक. वरच्याच उदाहरणात २४.८ ला पीएच ६.८५ आणि २४.९ ला ७.१६, उतार ३.१. पुढच्या ०.१ मध्ये ७.१६ वरून ८.७३, उतार १५.७. त्याच्या पुढे परत १५.७, आणि मग २५.१ ते २५.२ मध्ये पुन्हा ३ वर खाली. शिखर २५.० ला. खऱ्या रीडिंगमध्ये इतकं गोंडस येणार नाही पण शिखर दिसतंच.

आता एक तपासणी, ही कोणी शिकवत नाही. एंड पॉइंटच्या बरोबर निम्म्या व्हॉल्युमला ग्राफवरचा पीएच वाचा. तिथे अॅसिड आणि अॅसिटेट सारखे, रेशो एक, लॉग शून्य, म्हणून पीएच म्हणजेच पीकेए. तुमच्या ग्राफवर ४.७६ च्या ऐवजी ४.६५ ते ४.७ आला तर घाबरू नका, मीटर अॅक्टिव्हिटी मोजतो आणि मिठाळ सोल्युशनमध्ये तेवढा फरक पडतोच. पण ४.३ किंवा ५.१ आला तर कॅलिब्रेशन बिघडलंय किंवा बीकरमध्ये अॅसिटिक सोडून दुसरंच काहीतरी आहे. वायवाला हे सांगितलंत तर एक्स्टर्नल मान वर करून बघतात, स्वानुभव आहे.

७. इंडिकेटरने व्हिनेगर, आणि इथले सापळे

व्हिनेगर १० एमएल पिपेटने घेऊन १०० एमएल करा. त्यातलं २५ एमएल कोनिकल फ्लास्कमध्ये, दोन थेंब फिनॉल्फथॅलिन, खाली पांढरी टाईल. पांढरं व्हिनेगर घ्या, तपकिरी घेतलंत तर फिका गुलाबी दिसणं अवघड, त्याला पीएच मीटरच बरा.

एनएओएच पडतं तिथे गुलाबी ढग उठतो आणि हलवलं की जातो. ढग जायला वेळ लागायला लागला की थेंब थेंब. एंड पॉइंट म्हणजे अख्ख्या फ्लास्कला आलेला अगदी फिका गुलाबी, जो अर्धा मिनिट टिकतो. गुलाबजामच्या पाकासारखा गडद नाही, तो आला म्हणजे तुम्ही पुढे गेलात.

मग पाच मिनिटांनी बघता तर गुलाबी गायब, आणि नवीन माणूस परत दोन थेंब घालतो. घालू नका! हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पीएच खाली आणतो, त्यात अॅसिड उरल्याचा काही संबंध नाही. पाणी उकळून गार केलेलं घ्या म्हटलं ते याचसाठी, न उकळलेल्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइडही तुमचं एनएओएच खातो आणि रीडिंग फुगतं.

दुसरा सापळा म्हणजे रंग नीट दिसावा म्हणून सात आठ थेंब इंडिकेटर टाकणं. फिनॉल्फथॅलिन रंगहीनवरून गुलाबी होतं, त्यामुळे ते जास्त असलं की डोळ्याला पुरेल एवढा गुलाबी आधीच्याच पीएचला तयार होतो, वेळेआधीच नळ बंद. प्रत्येक फ्लास्कला मोजून दोन थेंब.

हिशोब बघा. माझं सीबीआर २०.४ एमएल, एनएओएच ०.०९८०. गुणाकार भागिले २५, म्हणजे पातळ केलेलं ०.०८ मोलर. दहापट पातळ केलेलं म्हणून मूळ व्हिनेगर ०.८ मोलर. अॅसिटिक अॅसिडचं मोलर मास ६०.०५, म्हणजे लिटरला ४८ ग्रॅम, १०० एमएलला ४.८ ग्रॅम. बाटलीवर ५ टक्के.

८. हेच उलटं करून बघा: अमोनिया

०.१ मोलर अमोनिया २५ एमएल घेऊन त्यात ०.१ मोलर एचसीएल घालायचं. आता कर्व्ह वरून खाली येतो, ११.१ पासून. बफरचा पट्टा ९.२५ च्या आजूबाजूला, २४.९ ला पीएच ६.८५, इक्विव्हॅलन्सला ५.२८, २५.१ ला ३.७०. भिंत खाली सरकली. इथे कोणी सवयीने फिनॉल्फथॅलिन घातलं तर गुलाबी फिका व्हायला सुरुवात होते साधारण ४ एमएलला आणि पूर्ण जातो २३ च्या आसपास, म्हणजे आमचीच फजिती, फक्त रंग वेगळा. मिथाईल ऑरेंज इथे मिथाईल रेडपेक्षा थोडं उशिरा बदलतं पण चालून जातं. मिथाईल रेडचा ४.४ ते ६.२ मात्र ५.२८ च्या दोन्ही बाजूंना बरोबर बसतो, पिवळ्यावरून लाल, एका थेंबात.